तोंडात आधीपासून असलेली इंग्रजी: ओळखीच्या शब्दांवरून शब्दसंग्रह कसा वाढवायचा, आणि कोणते शब्द दगा देतात

नागपुरात संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला येणारी मुलं पहिल्या दिवशी हमखास सांगतात, "सर, माझी व्होकॅबुलरी वीक आहे." आता या वाक्यातच तीन इंग्रजी शब्द आहेत. पुढच्या पाच मिनिटांत हीच मुलं सबमिशन, डेडलाईन, ॲडजस्ट, कन्फर्म, बॅकलॉग, रिचार्ज हे सगळं सहज बोलून जातात. त्यामुळे इथे अडचण शब्द नसण्याची नसते. हे शब्द मराठीच्या व्याकरणात, मराठी अर्थाने मुरलेले असतात, आणि ते तसेच उचलून इंग्रजी वाक्यात ठेवले की काही नीट बसतात, काही भलताच अर्थ देतात. कुठले बसतात आणि कुठले नाही, हे वेगळं करायची पद्धत इथे सांगतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या पण बोलताना अडणाऱ्या माणसासाठी ती आहे.

आधी स्वतःचं बोलणं गोळा करा

एक छोटी वही घ्या आणि दोन दिवस फक्त ऐका, स्वतःला. मित्राला पाठवलेले व्हॉइस मेसेज पुन्हा ऐकणं हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण तिथे आपण मोकळे बोलतो. मराठी बोलताना जो जो इंग्रजी शब्द येतो तो लिहायचा, पण एकटा नाही, अख्ख्या मराठी वाक्यासकट. "टेन्शन" एवढंच लिहून उपयोग नाही. "मला उद्याच्या पेपरचं टेन्शन येऊन राहिलं" असं लिहा. शब्द कुठे घसरतो हे वाक्यातच दिसतं.

बर्डीवरच्या पाट्या वाचून यादी करू नका. पाटीवरचा शब्द आपण वाचतो, तो आपल्या तोंडी असेलच असं नाही. साधारण चाळीस वाक्यं जमली की थांबा. एवढ्यात बहुतेकांची रोजची इंग्रजी येऊन जाते, कारण आपण तेच तेच शब्द फिरवून वापरत असतो.

मग प्रत्येक शब्दाला शब्दकोशात उभं करा

इंग्रजी–मराठी शब्दकोश इथे कामाचा नाही. तो अर्थ सांगेल, पण वापर सांगणार नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश ऑनलाईन फुकट मिळतो, तो उघडा आणि तीनच गोष्टी बघा. पहिला दिलेला अर्थ आपल्या वाक्यातल्या अर्थाशी जुळतो का? शब्द नाम आहे की क्रियापद? आणि नाम असेल तर शेजारी [C] म्हणजे countable, मोजता येणारं, असं आहे की [U] म्हणजे uncountable, न मोजता येणारं? [U] असेल तर त्याचं अनेकवचन होत नाही. फर्निचर, लगेज, इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट हे सगळे [U], म्हणून "फर्निचर्स" म्हणायचं नाही.

अर्थ जुळला तर शब्द कमाईच्या पानावर. टेबल, तिकीट, सिग्नल, बँक, ड्रायव्हर यांच्यावर वेळ घालवू नका, उच्चारातला जोर तेवढा ऐकून घ्या. "हॉटेल"मध्ये आपण जोर आधी देतो, इंग्रजीत तो "टेल"वर आहे. "पोलीस"मध्येही तो दुसऱ्या भागावर.

खरी मेहनत जुळत नाहीत त्या शब्दांची. त्यातले काही जवळून बघू.

"नर्व्हस" हा मराठी माणसाचा खास सापळा. "रिझल्ट पाहून तो एकदम नर्व्हस झाला" म्हणताना आपल्याला बहुधा उदास, खचलेला म्हणायचं असतं. इंग्रजी नर्व्हस म्हणजे पुढे काहीतरी व्हायचंय म्हणून धाकधूक वाटणारा. मुलाखतीच्या आधी माणूस नर्व्हस असतो. निकाल लागून गेल्यावर तो डिसअपॉइंटेड किंवा अपसेट असतो. तपासायची खूण सोपी आहे: घटना अजून व्हायची आहे की होऊन गेली आहे?

"डाऊट" वर्गात रोज ऐकू येतो. "सर, एक डाऊट आहे." आपल्याला शंका विचारायची असते, पण इंग्रजी डाऊटमध्ये अविश्वास आहे. परदेशी प्रशिक्षकाला "आय हॅव अ डाऊट" म्हटलं तर तुम्ही सांगताय ते मला पटत नाही, असा सूर लागू शकतो. तिथे "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा.

"मेस"वर तर गावाबाहेरून आलेल्या पोरांचं अर्धं आयुष्य चालतं. पण "आय ईट इन अ मेस" ऐकणाऱ्याला तुम्ही पसाऱ्यात बसून जेवता असं वाटेल, कारण मेसचा रोजचा अर्थ पसारा, गोंधळ. सैन्यातल्या भोजनगृहाला मेस म्हणतात, आपला शब्दही तिथलाच. कॉलेजच्या मेसला कॅन्टीन किंवा डायनिंग हॉल म्हणता येतं. एखाद्या काकूंकडच्या घरगुती मेससाठी मात्र इंग्रजीत तयार शब्दच नाही. सरळ सांगा की महिन्याचे पैसे देऊन एका घरी जेवतो.

"हॉटेल"मध्ये आपण तर्री-पोहे खातो, इंग्रजीत हॉटेलमध्ये मुक्काम करतात. "फ्रेश होऊन येतो"साठी "फ्रेशन अप" आहे. "गेट फ्रेश" कुणाच्या बाबतीत वापरलं तर त्याचा अर्थ अंगचटीला येणं, आगाऊपणा करणं. "अफेअर" आपण कॉलेजातल्या साध्या प्रेमप्रकरणालाही म्हणतो, इंग्रजीत त्यात बहुतेकदा कुणीतरी विवाहित असल्याचा वास येतो.

दोन शब्द तर खास आपल्या गावचे. नागपुरात वस्तीला सर्रास "लेआऊट" म्हणतात: "आमच्या लेआऊटमध्ये नळ नाही आला." इंग्रजीत लेआऊट म्हणजे मांडणी, आराखडा. भूखंड पाडताना केलेल्या आखणीवरून आपण तो शब्द वस्तीलाच चिकटवला. बाहेरच्या माणसाशी बोलताना "नेबरहूड" म्हणा. दुसरा "स्क्वेअर". व्हरायटी स्क्वेअर हे नाव म्हणून तसंच राहू द्या, पण "टर्न लेफ्ट ॲट द नेक्स्ट स्क्वेअर" म्हटलं तर परदेशी पाहुणा इमारतींनी वेढलेलं एखादं मोकळं मैदान शोधत बसेल. रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकाला अमेरिकेत इंटरसेक्शन, ब्रिटनमध्ये जंक्शन किंवा क्रॉसरोड्स म्हणतात.

इथे माझं मत सांगून टाकतो. यातलं सगळंच "चूक" नाही. भारतीय इंग्रजीची स्वतःची वहिवाट आहे आणि नागपुरातल्या ऑफिसात "डाऊट" म्हटल्यावर कुणी दचकणार नाही. म्हणून वहीत अशा शब्दापुढे फुली मारू नका, "इथे चालेल, बाहेर नाही" असं लिहा. समोर कोण आहे ते पाहून शब्द निवडता आला म्हणजे झालं.

"करणे" आणि "होणे" काढून टाकताना

अर्थापेक्षा जास्त चुका इथे होतात, आणि या चुका कुठल्याही यादीत सापडत नाहीत. मराठी इंग्रजी क्रियापद थेट वापरत नाही, त्याला "करणे" किंवा "होणे" जोडते: मॅनेज करणे, ट्राय करणे, सिलेक्ट होणे, कन्फ्यूज होणे.

"करणे"वाले सोपे आहेत. "करणे" काढून टाका, उरलेला शब्दच क्रियापद आहे. "मी ॲडजस्ट करीन" म्हणजे "आय विल ॲडजस्ट". त्यात "डू" घुसवायचं नाही. एक लक्षात ठेवा, मराठीतले "विषयी", "शी" सोबत आणू नका. "त्याविषयी डिस्कस केलं" म्हणून "डिस्कस्ड अबाउट इट" होत नाही, "डिस्कस्ड इट" एवढंच. "त्याच्याशी लग्न केलं" तेही "मॅरीड हिम", मध्ये "विथ" नको.

"होणे" फसवं आहे, कारण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे कुणी केलं?

"मी सिलेक्ट झालो." कुणी केलं? कंपनीने. म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर केलेली क्रिया, तेव्हा "आय वॉज सिलेक्टेड". "बाबांची ट्रान्सफर झाली" तसंच, "ही वॉज ट्रान्सफर्ड". "मी कन्फ्यूज झालो", "मी बोअर झालो" यातही बाहेरच्या गोष्टीने आपल्यावर परिणाम केलाय: "आय वॉज कन्फ्यूज्ड", "आय वॉज बोअर्ड". "आय वॉज बोअरिंग" म्हणालात तर मी रटाळ माणूस होतो, असं कबूल केल्यासारखं होईल.

"मी पास झालो." कुणी केलं? मीच. मग मधलं "वॉज" नको: "आय पास्ड". "तो फेल झाला" म्हणजे "ही फेल्ड", "काका रिटायर झाले" म्हणजे "ही रिटायर्ड".

"मी लेट झालो." इथे कुणी काही केलंच नाही, लेट हे फक्त विशेषण आहे: "आय वॉज लेट".

वहीतली "होणे"वाली सगळी वाक्यं या प्रश्नातून काढा. उत्तर सुचलं नाही, तर शब्दकोशात शब्द विशेषण म्हणून दिलाय की क्रियापद म्हणून, ते पाहिलं की सुटतं.

एक ओळख, आधी आणि नंतर

काटोलकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा मिहानमधल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी स्वतःची ओळख पाठ करतो आहे असं समजा. त्याची पहिली आवृत्ती अशी असते:

"आय पास्ड आऊट इन 2022. देन आय टुक ॲडमिशन इन अ कोर्स अँड शिफ्टेड टू नागपूर. आय गेव्ह मेनी एक्झाम्स. आय डिड नॉट सिलेक्ट, सो आय वॉज नर्व्हस."

यातला एकही शब्द त्याला परका नाही, तरी जवळपास प्रत्येक वाक्यात मराठी डोकावतं. "पास आऊट" म्हणजे इंग्रजीत बेशुद्ध पडणं. लष्करी अकादमीतून बाहेर पडण्याला तो चालतो, आणि आपल्याकडच्या मुलाखतीत समजूनही घेतील, पण फोनवर परदेशी माणूस असेल तर नको. डिप्लोमाला "ग्रॅज्युएटेड" म्हणावं का? अमेरिकेत चालतं, ब्रिटनमध्ये ते मुख्यतः पदवीला वापरतात. म्हणून "फिनिश्ड माय डिप्लोमा" सगळीकडे बिनधोक. "ॲडमिशन घेतली" यासाठी "एनरोल्ड". घर किंवा गाव बदलण्याला "मूव्ह्ड". परीक्षा मराठीत विद्यार्थी देतो, इंग्रजीत तो ती घेतो, टेक करतो. "गेव्ह" मास्तरांच्या वाट्याला. शेवटच्या वाक्यात वरचे दोन्ही सापळे एकत्र आहेत: निवड कंपनी करते, आणि घटना होऊन गेली आहे.

"आय फिनिश्ड माय डिप्लोमा इन 2022. देन आय एनरोल्ड इन अ कोर्स अँड मूव्ह्ड टू नागपूर. आय टुक सेव्हरल एक्झाम्स. आय वॉजन्ट सिलेक्टेड, अँड आय वॉज डिसअपॉइंटेड."

बाकी मुलाखतीत निराशेवर थांबू नये, पण तो वेगळा विषय.

एका शब्दावरून घराणं

आता वाढीची बाजू. मराठीने इंग्रजीतून नामं भरपूर घेतली, त्यांची क्रियापदं मात्र बऱ्याचदा तिकडेच राहिली. ती परत आणायला शेवटचे ठरावीक तुकडे कामी येतात.

"परमिशन" तोंडात आहे, त्याचं क्रियापद परमिट. त्याच चालीवर सबमिशन–सबमिट, ट्रान्समिशन–ट्रान्समिट, ॲडमिशन–ॲडमिट. शेवटी "मिशन" असेल तर क्रियापदात "मिट". हे लॅटिनमधल्या पाठवणे या अर्थाच्या धातूवरून आलंय, पाठवलेलं अस्त्र ते मिसाईल. ॲडमिटचा दुसरा अर्थही इथेच शिकून घ्या: कबूल करणे. आपल्याकडे ॲडमिट फक्त पेशंट होतो, इंग्रजीत चूकही ॲडमिट करतात.

डॉक्टरांच्या "प्रिस्क्रिप्शन"वरून प्रिस्क्राइब, तसंच सबस्क्रिप्शन–सबस्क्राइब, डिस्क्रिप्शन–डिस्क्राइब. यातलं स्क्राइब म्हणजे लिहिणे. लग्नाच्या "रिसेप्शन"वरून रिसीव्ह, म्हणजे पाहुण्यांचं स्वागत करणं, आणि त्याच घरातला परसेप्शन–परसीव्ह, डिसेप्शन–डिसीव्ह. असे तीन तुकडे नीट बसले तर आठ-दहा क्रियापदं पाठांतराशिवाय येतात.

चाल कुठे तुटते तेही बघा. "कमिशन"वरून कमिट बनतं खरं, पण दलालीशी त्याचा काही संबंध नाही, कमिट म्हणजे वचनबद्ध होणं किंवा गुन्हा करणं. "स्टेशन"वरून "स्टेट" हे क्रियापद काढायला जाल तर त्याचा अर्थ निवेदन करणं असा भलताच निघेल. म्हणून चालीवरून बनवलेला प्रत्येक शब्द वहीत पेन्सिलने लिहा, शब्दकोशात भेटला की पेनाने.

संस्कृतच्या बाजूने येणारे सख्खे शब्द

उसने शब्द झाले, आता रक्ताच्या नात्यातले. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांचं मूळ एक असावं हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं, आणि जर्मन घराण्यातल्या भाषांत, म्हणजे इंग्रजीतही, मूळचे ध्वनी कसे बदलले याचा नियम याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये सविस्तर दिला. शिकणाऱ्याला त्यातलं एवढंच पुरे: आपल्या "प"च्या जागी इंग्रजीत "फ", "द"च्या जागी "ट", आणि "त"च्या जागी "थ". पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल. दोन–टू, दंत–टूथ, दश–टेन. तीन–थ्री, तृष्णा–थर्स्ट.

पण फादर आणि टूथ तर आपल्याला येतातच. खरा फायदा पुढे आहे. इंग्रजीने नंतर लॅटिन आणि ग्रीकमधून हजारो जड शब्द उचलले, आणि त्या भाषांत हे ध्वनी बदललेच नव्हते. त्यामुळे घरगुती शब्द बदललेला आणि अभ्यासाचा शब्द आपल्यासारखाच, अशी जोडी मिळते. पितृ: फादर, पण पॅटर्नल. दंत: टूथ, पण डेंटल. पाद: फूट, पण पेडल आणि पेडेस्ट्रियन, म्हणजे पादचारी. दश: टेन, पण डेसिमल. जे शब्द इंग्रजांच्या मुलांना अवघड जातात तेच मराठी कानाला जवळचे वाटतात. याच रांगेत नव–नॉव्हेल, रिनोव्हेट, वाचा–व्होकल, नौका–नेव्ही, नेव्हिगेट, धूम्र–फ्यूम, मृत्यू–मॉर्टल. माझ्या आवडीचा नमुना "स्पष्ट": त्यातला बघणे या अर्थाचा धातू आणि इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर यांतला "स्पेक" एकाच मुळाचे. स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलं.

काही शब्द तर आपल्याकडूनच गेलेत. मुंगसाचा मंगूस झाला तो मराठीतून. आणि संत्रानगरीत राहून हे माहीत असायलाच हवं: "ऑरेंज" निघाला नारंगपासून, फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच असा फिरत. आपलं संत्रं शास्त्राच्या भाषेत मँडरिन, आणि मँडरिन हा शब्द पोर्तुगीज आणि मलायमार्गे पोचतो संस्कृत "मंत्रिन्"पर्यंत.

या भागातली धोक्याची जागा म्हणजे दिसायला सारखे पण नात्यात नसलेले शब्द. "दिन" आणि "डे" यांचा संबंध नाही. दिवसाचा खरा नातेवाईक "डायरी"त आहे, लॅटिनमार्गे. "बदनाम"मधला बद आणि इंग्रजी बॅड अर्थानेही जुळतात, तरी ते योगायोगाने. लक्षात ठेवण्यापुरता असा योगायोग वापरायला हरकत नाही, फक्त त्याच्यावरून पुढचे शब्द बनवू नका, कारण मागे घराणंच नाही. शंका आली तर etymonline.com वर शब्द टाका, तिथे मूळ सापडतं. नातं खरं असलं तरी अर्थ सरकलेला असू शकतो: वीर आणि व्हर्च्यू एकाच मुळाचे, पण व्हर्च्यू म्हणजे सद्गुण, शौर्य नाही.

रोजचं काम

चाळीस वाक्यांतून रोज पाच घ्या. तीनच प्रश्नांची तपासणी, "होणे" असेल तर "कुणी केलं", आणि एका शब्दाचं घराणं. अर्ध्या तासात होतं. फसवे शब्द मात्र वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यांच्यापुढे मराठी अर्थ लिहू नका, दोन वाक्यं लिहा: एक आपलं मराठी, एक दुरुस्त इंग्रजी. नुसती यादी वाचून हे शब्द सुधारत नाहीत, कारण ते मोठ्याने बोलतानाच निसटतात.

शब्द बसला की नाही हे आठवड्याने फोनवर तपासा. कालचा दिवस दोन मिनिटं इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त त्या पानावरचे शब्द शोधा. "नर्व्हस" अजून निकालानंतर येत असेल, तर ते वाक्य पुढच्या आठवड्याच्या पाचांत परत घाला. बोलता बोलता आपणच मध्ये थांबून शब्द बदलत असाल, तर काम निम्मं झालंय. न थांबता बरोबर शब्द आला की ते वाक्य वहीतून खोडा.